दुबईच्या हॉटेलचे बिल स्टेटमेंटमध्ये दोनदा, एकदा दिरहममध्ये आणि एकदा रुपयांत: यातली कोणती नोंद खरी धरायची?

वसुधा_प्रतापनगर | ४ जानेवारी २०२५, रात्री ९.१०

नमस्कार. डिसेंबरमध्ये मी आणि माझी आई चार रात्रींसाठी दुबईला जाऊन आलो. परत आल्यावर क्रेडिट कार्डाचे स्टेटमेंट आले, ते मी छापून घेतले आणि पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. हॉटेलचे बिल १,२०० दिरहम होते आणि ते मी एकदाच भरले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. स्टेटमेंटमध्ये मात्र पुढील ओळी आहेत.

१२ डिसेंबर: हॉटेल, १,२०० दिरहम, ₹२७,७२०.००
१२ डिसेंबर: विदेशी चलन शुल्क ₹९७०.२०, त्याखाली ₹८७.३२ आणि पुन्हा ₹८७.३२
१४ डिसेंबर: त्याच हॉटेलचे नाव, पुढे दोन-तीन वेगळी अक्षरे, ₹२९,१०६.००
१४ डिसेंबर: शुल्क ₹२९१.०६, त्याखाली ₹२६.२० आणि पुन्हा ₹२६.२०
१९ डिसेंबर: शुल्क ₹९९.००, त्याखाली ₹८.९१ आणि पुन्हा ₹८.९१

८७.३२, २६.२० आणि ८.९१ या रकमा दोन-दोनदा आल्या आहेत, म्हणून त्यांवर मी लाल खूण केली आहे. २९,१०६ ची नोंद मात्र दुबार म्हणावी की नाही, हे कळत नाही, कारण रक्कम पहिल्या नोंदीशी जुळत नाही आणि तिच्यासमोर दिरहमचा आकडाही नाही. ती खोलीतल्या खाण्यापिण्याची किंवा अनामत रकमेची असू शकेल का? पैसे भरण्याची शेवटची तारीख १० जानेवारी आहे.

अमोल_मनीषनगर | ४ जानेवारी, रात्री ९.३२

ताई, आधी कार्ड ब्लॉक करा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. परदेशात कार्डाची नक्कल होते आणि मागाहून असे व्यवहार केले जातात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तिसऱ्याच कोणामुळे झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला, तर ग्राहकावर काहीही जबाबदारी येत नाही. तुमचे दिवस उलटले असले, तरी लगेच कळवलेले बरे.

निवृत्त_धरमपेठ | ४ जानेवारी, रात्री १०.०५

वसुधाताई, काळजीचे कारण नाही. हॉटेलात शिरताना ते कार्डावर रक्कम अडवून ठेवतात आणि खोली सोडताना खरे बिल घेतात. अडवलेली रक्कम आठ-पंधरा दिवसांत आपोआप सुटते. आम्ही सिंगापूरला गेलो होतो तेव्हा ॲपमध्ये असेच दोन व्यवहार दिसत होते आणि काही न करता एक निघून गेला. तुम्हीही थांबून पाहा.

खातेवही | ४ जानेवारी, रात्री ११.२०

मी एका बँकेच्या कार्ड विभागात, वादग्रस्त व्यवहारांच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काका, अडवलेल्या रकमेबद्दल तुम्ही सांगता ते खरे आहे, पण ते ॲपच्या प्रलंबित यादीपुरते. अडवलेल्या रकमेमुळे कार्डाची उरलेली मर्यादा कमी दिसते. ती रक्कम छापील स्टेटमेंटमध्ये येत नाही. स्टेटमेंटमध्ये तीच नोंद येते, जिचे पैसे हॉटेलच्या बँकेने व्हिसा-मास्टरकार्डसारख्या नेटवर्कमार्फत मागितले आणि आपल्या बँकेने दिले. ताईंच्या दोन्ही नोंदी स्टेटमेंटमध्ये आहेत, त्यामुळे त्या आपोआप सुटणार नाहीत. वाट पाहण्यात फक्त मुदत वाया जाईल.

अमोलभाऊ, हा फसवणुकीचा प्रकार दिसत नाही. ताई त्या हॉटेलात राहिल्या आहेत आणि कार्ड त्यांनीच दिले आहे. अशा नोंदीवर "हा व्यवहार मी केलेला नाही" असे लिहून दिले, तर हॉटेल नोंदवहीतली सही पुढे करते, दावा फेटाळला जातो आणि मधल्या काळात कार्डही बंद झालेले असते. बँकेच्या अर्जात "एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा घेतले" असा स्वतंत्र पर्याय असतो. खूण तिथेच करायला हवी.

आता लाल खुणांबद्दल. ८७.३२ दोनदा दिसते ती चूक नाही. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बँकेची नोंदणी महाराष्ट्रात असेल, तर त्याचे ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे अशा दोन सारख्या ओळी पडतात. बँक दुसऱ्या राज्यातून बिल करत असेल, तर १८ टक्क्यांची एकच ओळ दिसते. ९७०.२० चे ९ टक्के ८७.३२ होतात, २९१.०६ चे २६.२० आणि ९९ चे ८.९१. तिन्ही जोड्या बरोबर आहेत, त्या खुणा खोडून टाका.

शुल्काची ओळ वाचताना मी एकच सवय सांगतो: प्रत्येक शुल्काचा मूळ व्यवहार शोधायचा. बँकेच्या दरपत्रकात विदेशी चलनासाठी जो टक्का दिला आहे, त्याने शुल्काला भागले की मूळ रक्कम निघते. तुमच्या कार्डाचा टक्का साडेतीन असावा, कारण ९७०.२० भागिले ०.०३५ केले की बरोबर २७,७२० येतात. मग २९१.०६ कोणाचे? साडेतीनने भागले, तर ८,३१६ येतात आणि तशी रक्कम तुमच्या यादीत नाही. एक टक्क्याने भागले की २९,१०६ येतात. म्हणजे हे शुल्क दुसऱ्या नोंदीचे आहे आणि बँकेने ते वेगळ्या दराने लावले आहे.

परदेशातल्या दुकानात किंवा हॉटेलात रुपयांत बिल झाले, तर बऱ्याच बँका असे वेगळे शुल्क लावतात. घरबसल्या एखाद्या परदेशी नोंदणीच्या संकेतस्थळाला रुपयांत पैसे दिले, तरीही ते लागते आणि लोकांना वाटते की बँकेने विनाकारण पैसे कापले. तुमची दुसरी नोंद अनामत रकमेची नसून, त्याच बिलाचे हॉटेलच्या यंत्रावर रुपयांत केलेले रूपांतर असावी, असा माझा अंदाज आहे. याला डीसीसी म्हणतात.

पडताळणी सोपी आहे. दिरहम डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे त्याचा रुपयातला भाव डॉलरवरून काढता येतो. २७,७२० भागिले १,२०० म्हणजे एका दिरहमला ₹२३.१०, आणि त्याला ३.६७२५ ने गुणले की डॉलर ₹८४.८३ पडतो. डिसेंबरच्या मध्याला डॉलर साधारण तेवढाच होता, म्हणून पहिली नोंद बाजारभावाला धरून आहे. आता २९,१०६ भागिले १,२०० करा. एका दिरहमला ₹२४.२५५ आणि डॉलरला ₹८९.०८ येतात. त्या आठवड्यात डॉलर ८९ ला नव्हता. दोन्ही दरांत नेमका पाच टक्क्यांचा फरक आहे आणि इतका गोल फरक योगायोगाने येत नाही. हॉटेलच्या बाजूने रूपांतर करणाऱ्या कंपनीने बाजारभावावर पाच टक्के चढवले आहेत.

सारांश, दोन्ही नोंदी १,२०० दिरहमच्याच आहेत. रकमा वेगळ्या दिसतात म्हणून अशी दुबार नोंद सहसा नजरेतून सुटते. तुमच्याकडे हॉटेलच्या स्लिपा आहेत का? असतील, तर त्यांवर काय छापले आहे, ते जसेच्या तसे सांगा.

ऋतुजा_वर्धारोड | ५ जानेवारी, सकाळी ८.१५

माझेही असेच झाले आहे, म्हणून इथेच विचारते. पंपावर मी ₹२,००० चे पेट्रोल भरले. स्टेटमेंटमध्ये ₹२० अधिभार आणि ₹३.६० कर लागला, पुढे ₹२० परत आले, पण ₹३.६० आले नाहीत. कार्ड घेताना अधिभार पूर्ण माफ असल्याचे सांगितले होते. हीसुद्धा दुबार आकारणीच म्हणायची का?

खातेवही | ५ जानेवारी, सकाळी ८.५०

ऋतुजाताई, ही दुबार आकारणी नाही. अधिभार एक टक्का, म्हणजे ₹२०, आणि त्यावर १८ टक्के कर ₹३.६०. बहुतेक बँकांची माफी अधिभारापुरती असते, कर परत मिळत नाही, आणि अटींच्या पानावर तसे लिहिलेलेही असते. विकताना ते सांगत नाहीत, ही तुमची तक्रार रास्त आहे. माफीला प्रत्येक व्यवहाराची किमान आणि कमाल रक्कमही ठरलेली असते. एखाद्या महिन्यात ₹२० परत आलेच नाहीत, तर आधी ती मर्यादा तपासा.

वसुधा_प्रतापनगर | ५ जानेवारी, दुपारी १.४०

खातेवहीदादा, मनापासून आभार. आईच्या पर्समध्ये दोन स्लिपा सापडल्या. त्यांची शाई फिकट होत चालली आहे, म्हणून आधी दोन्हींचे फोटो काढून ठेवले.

पहिली ८ डिसेंबरची, म्हणजे आम्ही पोहोचलो त्या दिवसाची आहे. तिच्यावर १,२०० दिरहम आणि केवळ पूर्वमंजुरी असल्याचा उल्लेख आहे. दुसरी १२ तारखेची, खोली सोडतानाची आहे. तिच्यावर वर १,२०० दिरहम, त्याखाली विनिमय दर, त्याखाली रूपांतर शुल्क पाच टक्के आणि सर्वांत खाली ₹२९,१०६ छापले आहेत. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत लिहिले आहे की, कार्डधारकाला चलन निवडण्याची मुभा दिली होती आणि त्याने रुपये निवडले. त्यावर सही माझीच आहे.

मला तसे कोणीही विचारले नव्हते. काउंटरवरच्या मुलाने यंत्र माझ्याकडे वळवलेही नाही, नुसती स्लिप पुढे केली. विमानाची वेळ होत आली होती, आई खुर्चीवर बसून होती आणि मी वाचले नाही.

₹९९ चे कोडेही सुटले. माझ्या यजमानांनी कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट देऊन एक व्हाउचर घेतले होते, त्याचे ते शुल्क आहे.

खातेवही | ५ जानेवारी, दुपारी २.३०

आता चित्र स्पष्ट झाले. ८ तारखेला हॉटेलने १,२०० दिरहम अडवले. खोली सोडताना तीच पूर्वमंजुरी पूर्ण करून घ्यायला हवी होती, पण काउंटरवरच्याने यंत्रावर नवी विक्री केली आणि तीही रुपयांत. पुढे रात्रीचा हिशेब मिटवताना जुनी पूर्वमंजुरीही वसुलीला गेली. हॉटेलांच्या तक्रारींत हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. काउंटरवरच्या पाळीला आणि रात्रीच्या हिशेबाला एकमेकांचे काम दिसत नाही.

यातून एक अडचण निर्माण होते. तुम्ही सही केलेली विक्री रुपयांतली आहे, त्यामुळे कागदावर तीच खरी ठरते आणि दिरहमची नोंद जादा ठरते. तुमच्या खिशाच्या दृष्टीने मात्र रुपयांतली रद्द झालेली बरी. दिरहमची नोंद शुल्क आणि करासह ₹२८,८६४.८४ पडते, रुपयांतली ₹२९,४४९.४६. फरक सुमारे ₹५८५ चा आहे. हॉटेलला ईमेल करताना रुपयांतली विक्री रद्द करा, अशी विनंती जरूर करा, पण ते दिरहमची परत करायला तयार झाले, तर त्यासाठी अडून बसू नका.

दुसरे काम बँकेकडे. दोन्ही नोंदींचे एआरएन मागा. तो तेवीस अंकी क्रमांक असतो आणि समोरच्या व्यापाऱ्याची बँक प्रत्येक वसुलीला तो देते. दोन्ही नोंदींवर एकच क्रमांक असेल, तर चूक आपल्या बँकेत किंवा मधल्या वाटेवर झाली आणि बँक ती स्वतःच दुरुस्त करू शकते. क्रमांक वेगळे असतील, तर हॉटेलने खरोखर दोनदा पैसे मागितले आहेत. तुमचे क्रमांक वेगळेच निघतील. तेच क्रमांक ईमेलमध्ये लिहिले की हॉटेलच्या हिशेबनिसाला नोंदी लगेच सापडतात. नुसते "माझे पैसे दोनदा गेले" असे लिहिले, तर उत्तर यायला आठवडे लागतात.

हॉटेलच्या उत्तराची वाट पाहत बँकेची मुदत जाऊ देऊ नका. नेटवर्कच्या नियमांत दुबार वसुलीच्या दाव्याला साधारण ९० ते १२० दिवस असतात, पण आपल्या बँका अर्ज त्याहून बराच आधी मागतात. दोन्ही पत्रे एकाच दिवशी पाठवा.

निवृत्त_धरमपेठ | ५ जानेवारी, सायंकाळी ६.००

अडवलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये येत नाही, हा मुद्दा मान्य, मी ॲपवरूनच बोललो होतो. पण एक सुचवतो. वाद चालू असेपर्यंत ताईंनी ती रक्कम वगळून बाकीचे बिल भरावे. वादातल्या पैशावर बँकेला व्याज लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

करसल्लागार_सदर | ५ जानेवारी, सायंकाळी ६.४५

काका, हा सल्ला जपून द्यायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांतले ते वाक्य फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारांबद्दल आहे आणि ताईंची तक्रार फसवणुकीची नाही. एकूण देय रकमेपेक्षा एक रुपयाही कमी भरला, तर बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज व्यवहाराच्या तारखेपासून मोजले जाते. दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपासचे हे व्याज नव्या खरेदीवरही लागते. शक्य असेल, तर १० तारखेच्या आत पूर्ण रक्कम भरा आणि मग भांडा.

निवृत्त_धरमपेठ | ५ जानेवारी, सायंकाळी ७.१०

पैसे एकदा हातचे गेले की बँक फाईल उघडतही नाही, हा माझा अनुभव आहे. आणि सगळ्यांकडे वर २९ हजार जास्तीचे भरायला असतात का?

खातेवही | ५ जानेवारी, रात्री ८.००

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. मधला मार्ग असा की, दाव्याचा अर्ज देताना तात्पुरती जमा मागायची. काही बँका वादातली रक्कम निकाल लागेपर्यंत खात्यात जमा दाखवतात आणि देय रक्कम तेवढी कमी करतात. तसे लेखी मिळाले, तरच कमी भरावे. फोनवर "चालेल" म्हटलेले पुढे उपयोगी पडत नाही. दावा हॉटेलच्या बाजूने लागला, तर ती जमा परत वजा होते, हेही ध्यानात ठेवा. पाच दिवसांत लेखी उत्तर येईल, असे मला वाटत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत करसल्लागारांचे ऐकणे सुरक्षित.

त्याच निर्देशांत ताईंच्या उपयोगाचे वेगळे कलम आहे. कार्डधारकाने बिलावर हरकत घेतली, तर बँकेने जास्तीत जास्त ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि आवश्यक तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. म्हणून हरकत लेखी द्या आणि तक्रार क्रमांक घ्या.

वसुधा_प्रतापनगर | १९ जानेवारी, सकाळी ११.३०

पुढचे कळवते. मी पूर्ण रक्कम ९ तारखेलाच भरली. एआरएन खरोखरच वेगवेगळे निघाले. ते क्रमांक आणि दोन्ही स्लिपांचे फोटो हॉटेलला पाठवले आणि चौथ्या दिवशी त्यांच्या लेखा विभागाने चूक मान्य केली. रुपयांतली विक्री मागे घेता येणार नाही, दिरहमची रक्कम परत करतो, असे त्यांनी कळवले.

१६ जानेवारीला १,२०० दिरहम परत आल्याची नोंद पडली, पण रुपयांत ती ₹२८,२२४.०० आहे. मी दिले होते ₹२७,७२०, म्हणजे ₹५०४ जास्त आले. बँकेची चूक झाली असेल आणि पुढे ते परत मागतील, अशी भीती वाटते. दुसरीकडे, त्या नोंदीवर लागलेले ₹९७०.२० चे शुल्क आणि ₹१७४.६४ चा कर मात्र परत आलेला नाही.

अमोल_मनीषनगर | १९ जानेवारी, दुपारी १२.१०

ताई, ५०४ रुपये वेगळे काढून ठेवा. बँक आपली चूक कधी ना कधी शोधतेच.

खातेवही | १९ जानेवारी, दुपारी १.००

ती चूक नाही. परतावा त्या-त्या दिवसाच्या दराने रुपयांत येतो. २८,२२४ भागिले १,२०० म्हणजे ₹२३.५२, त्याला ३.६७२५ ने गुणले की डॉलर ₹८६.३८ येतो. या महिन्यात रुपया घसरला आहे, म्हणून तुम्हाला जास्त मिळाले. रुपया वधारला असता, तर कमी मिळाले असते आणि त्याबद्दल तक्रार चालली नसती. ते पैसे तुमचे आहेत.

शुल्काची गोष्ट वेगळी आहे. हॉटेलने स्वतःहून पाठवलेला परतावा बँकेच्या यंत्रणेत नवी, सुटी नोंद म्हणून पडतो. मूळ नोंदीशी तो जोडला जात नाही, म्हणून शुल्क आपोआप उलटत नाही. तुमचा हिशेब मांडला, तर ₹२८,८६४.८४ गेले आणि ₹२८,२२४ आले, म्हणजे अजून ₹६४०.८४ बाहेर आहेत. बँकेला लिहिताना ही फरकाची रक्कम लिहू नका. ज्या नोंदीला आधारच नव्हता, तिच्यावरचे ₹९७०.२० आणि कर अशी ₹१,१४४.८४ ची मागणी करा आणि हॉटेलचे चूक मान्य केलेले पत्र जोडा.

करसल्लागार_सदर | १९ जानेवारी, दुपारी २.२५

इथे माझे मत थोडे वेगळे आहे. बँक म्हणेल की, नोंद आली तेव्हा आम्ही रूपांतर केले, शुल्क त्या कामाचे आहे आणि चूक हॉटेलची आहे. दरपत्रकात हे शुल्क परत न मिळणारे म्हणून लिहिलेले असेल, तर आग्रह कितपत टिकेल, सांगता येत नाही. मग तेवढी रक्कम हॉटेलकडेच मागणे जास्त योग्य ठरेल.

खातेवही | १९ जानेवारी, दुपारी ३.१०

अशा अर्जांवर शुल्क परत झालेले मी पाहिले आहे आणि नाकारलेलेही. बँकेगणिक फरक पडतो, त्यामुळे तुमचे म्हणणे खोडून काढत नाही. मागणी मात्र आधी बँकेकडेच करावी, कारण ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी नागपूरच्या संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात खेटे घालायची गरज नाही, cms.rbi.org.in वर तक्रार भरता येते. तिथे पहिला प्रश्न हाच असतो की, बँकेला लेखी कधी कळवले.

वसुधा_प्रतापनगर | २० जानेवारी, सायंकाळी ५.४५

आज बँकेला ₹१,१४४.८४ साठी लेखी हरकत दिली, हॉटेलचे पत्र आणि दोन्ही एआरएन जोडले आणि तक्रार क्रमांक घेतला. रुपयांतल्या नोंदीवर चढवलेल्या पाच टक्क्यांसाठी हॉटेलला वेगळे पत्र लिहिले आहे. सही माझी आहे, हे मी त्यात मान्य केले आहे आणि मला निवड विचारली नव्हती, हेही लिहिले आहे. बँकेचे उत्तर १९ फेब्रुवारीपर्यंत यायला हवे. आले की इथेच कळवते.